सगुणची जर्सी

ज्या वर्षी सगळा गोवा मराठी की कोंकणी यावर घसा फोडत होता, त्या वर्षी सर्वणचा सगुण गावठी गाय की जर्सी यावर भांडत होता. तोही एकटाच. बायको सुमंगला गेल्यापासून घरात दुसरी बाजू घ्यायला कोणी नव्हते.

गावठी तांबडी सकाळी दावे सोडले की आपली आपण डोंगरावर जाई आणि तिन्हीसांजेला परत येई. खायला घालायचा खर्च नाही, उन्हाचा त्रास नाही, आजार नाही. दूध मात्र दोन्ही वेळचे मिळून जेमतेम दीड लिटर. सगुणला चहापुरते मिळायचे, पण दिवसभर तिचे तोंड दिसायचे नाही.

म्हणून त्याने जर्सी आणली. ती दिवसाला आठ लिटर द्यायची. पेंड, ओला चारा, दुपारी पाठीवर ओले गोणपाट, सगळे बसल्या जागी. शेजारची चंद्रभागा म्हणाली, "सगुणभाऊ, तू गाय नाही, जावई आणलास!"

"असू दे गे. जावई तरी घरात बसतो."

आणि खरेच, तिच्यामुळे सगुणचा दिवस भरला. दूध घालायला तो डेअरीवर जाई आणि कॅन रिकामा झाल्यावरही तिथेच उभा राही. दुपारी गोणपाट भिजवताना तिला गावच्या बातम्या सांगे. ती धापा टाकत ऐके. तिला दुसरा पर्याय नव्हता.

रात्री तिला सोबत हवी म्हणून त्याने तांबडीला तिच्या शेजारीच बांधले. तिथेच घोटाळा झाला. मे महिन्यात जर्सी तापली, मानेखाली गाठी आल्या, दूध आटले.

डिचोलीहून आलेल्या डॉक्टरांनी तिचा कान उलटून पाहिला. "गोचीड ताप. तांबडी डोंगरावरून गोचीड घेऊन येते. तिला काही होत नाही, हिला मारतात."

"मी तर सोबत म्हणून..."

"सोबतच बाधली, बाबा. इंजेक्शन देतो. वाचली तर दोघींतली एकच ठेव. आणि या पत्र्याच्या गोठ्यात, पुढच्या उन्हाळ्यात, कुठली टिकेल ते तूच बघ."

जर्सी वाचली. मग सगुणने नार्व्याच्या कृष्णनाथला बोलावून तिचे दावे त्याच्या हातात दिले. कृष्णनाथकडे नदीकाठचा हिरवा चारा होता, माडांची सावली होती, आणि गावठी गाय एकही नव्हती.

"दुपारी गोणपाट ओले कर," सगुण म्हणाला. "आणि जरा बोलत जा तिच्याशी."

"काय बोलू?"

"काहीही. ती मध्ये बोलत नाही."

दुसऱ्या सकाळी त्याने तांबडीचे दावे सोडले. ती नेहमीसारखी डोंगराकडे निघाली. सगुणने दाराला कडी घातली, छत्री घेतली आणि तिच्यामागून चालू लागला.

"आता गाय राखायला जातोस?" चंद्रभागा अंगणातून ओरडली. "तिला वाट ठाऊक आहे रे!"

"मला नाही ना," सगुण म्हणाला.

तांबडीने वळूनही पाहिले नाही.