गरज आणि गुण

जीवशास्त्राच्या बाई गुणांच्या बाबतीत हात सैल सोडत नसत. मधल्या सुट्टीत एक मुलगी तपासलेला पेपर घेऊन त्यांच्याकडे आली.

"बाई, 'जगण्याची गरज होती म्हणून जंतू बदलले आणि औषधाला दाद देईनात,' यात चुकलं काय?"

"गरजेपोटी कुणी बदलत नाही गं. काही जंतूंत तो फरक योगायोगानं आधीच होता. औषधानं बाकीचे मेले, हे उरले आणि त्यांचीच पिल्लावळ वाढली."

मुलीची आई नुकतीच अशाच जंतुसंसर्गाने गेली होती, हे बाईंना ठाऊक होते. एक गुण देऊन टाकावा, म्हणून त्यांनी पेन उघडले.

"गरज तर आईलाही होती," मुलगी म्हणाली. "राहू द्या बाई, शून्यच बरोबर आहे."

बाईंना तिच्याकडे बघवेना.