सही जुळत नाही

त्या नेत्ररुग्णालयात तिला सगळे 'सबुरी' म्हणत. नाव ठेवलं होतं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी. कोणाचा प्रिंटर अडला, कोणाचा पासवर्ड हरवला, कोणी तावातावाने फोन केला, की ही आधी म्हणायची, "जरा सबुरीने घ्या, बघते." आणि खरंच बघायची, शेवटपर्यंत बघायची. त्यामुळे चिडवायला ठेवलेलं नाव हळूहळू मानाचं झालं. खऱ्या नावाने तिला पगारपत्रकाशिवाय कोणी ओळखत नसे.

शिकली होती पदार्थविज्ञान, व्हायचं होतं शिक्षिका. पण वडील अंथरुणाला खिळले आणि हाताला लागली ती नोकरी तिने धरली: रुग्णालयाच्या खिडकीत बसून पेशंटची नावं कॉम्प्युटरमध्ये भरायची. तिथला प्रोग्राम इतका रडका होता, की एक नाव भरेपर्यंत रांगेतल्या माणसाचा डोळा बरा व्हावा. ती वैतागून पुस्तकं आणून शिकली, नवा प्रोग्राम लिहून बसली, आणि खिडकीतून उठून जिन्याखालच्या खोलीत आली. कॉम्प्युटरचे दोन पडदे, एक टेबल, सायकल स्टँडकडे उघडणारी खिडकी. नवरा शाळेत खेळ शिकवायचा. तो म्हणायचा, "माहेरी जायला बाया निमित्त शोधतात. हिचं माहेर म्हणजे ते जिन्याखालचं बीळ."

तिच्या हातचं सगळ्यात मोलाचं काम होतं ते अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं. फार लवकर जन्मलेल्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्यावर कधीकधी वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या वाढतात. वेळीच दिसल्या तर उपचार होतो. उशीर झाला तर पडदाच सुटतो आणि दृष्टी जाते. लहान गावातल्या रुग्णालयांत हे ओळखणारा डॉक्टर नसतो. म्हणून तिथल्या नर्सने बाळाच्या डोळ्याचे फोटो काढायचे, ते क्लाउडवर साठवायचे, आणि इथे बसून डॉक्टरीणबाईंनी बघायचे, अशी सोय सबुरीने बांधली होती.

फोटो कुलुपात असत. डॉक्टरीणबाईंनी फोटोवर बोट ठेवलं, की सबुरीचा सर्व्हर त्या घटकेपुरती एक लिंक तयार करी, पाव तास चालणारी. त्या लिंकमध्ये सही असे. ही सही गुप्त किल्ली वापरून काढलेली. तिच्यात लिंक कधी बनवली ती वेळ आणि फोटोंचा साठा कंपनीच्या कोणत्या विभागात, म्हणजे देशाच्या कोणत्या भागातल्या केंद्रात आहे, त्याचं नावही मिसळलेलं. साठा सांभाळणारी कंपनी आपल्या बाजूने तीच सही काढून बघे. जुळली आणि मुदत उरलेली असली तरच दार उघडायचं. कित्येक वर्षं ते बिनतक्रार उघडत होतं.

एका शनिवारी विजेच्या कामासाठी सर्व्हर झोपवून ठेवले होते. सोमवारी सकाळी डॉक्टरीणबाईंचा फोन आला, एकही फोटो उघडत नाही. सबुरीने स्वतः एक लिंक उघडून पाहिली. उत्तर स्वच्छ होतं: मुदत संपली आहे. आत्ता जन्मलेल्या लिंकची मुदत संपेल कशी? तिने सर्व्हरचं घड्याळ बघितलं. ते अर्धा तास मागे होतं. म्हणजे लिंकवर अर्ध्या तासापूर्वीची वेळ पडत होती आणि पाव तासाची मुदत जन्मायच्या आधीच सरत होती.

सर्व्हर सांभाळणारा माणूस वरच्या मजल्यावर बसे. हाडं दिसावीत इतका बारीक, म्हणून त्याला सगळे पैलवान म्हणत. त्याने पाहिलं, वेळ जुळवून घेणारी सेवा झोपेतून उठताना सुरूच झाली नव्हती. त्याने ती सुरू केली, घड्याळ ताळ्यावर आलं, फोटो उघडू लागले. डॉक्टरीणबाई तुंबलेलं काम उपसायला बसल्या. सबुरीने सगळ्या रुग्णालयांना कळवलं की अडचण दूर झाली आहे, आणि डबा उघडला.

बुधवारी सकाळी डोंगराकडच्या एका रुग्णालयातल्या नर्सताईंचा फोन आला. या बाई मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी विचारलं, "ताई, आमच्या बाळाचा रिपोर्ट अजून आला नाही. फोटो रविवारीच पाठवलेत. इकडे हिरवी खूण दिसतेय."

हिरवी खूण म्हणजे फोटो साठ्यात पोहोचले. सबुरीने डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, हो, त्या रुग्णालयाचे उघडत नाहीत, परवासारखंच आहे. मला वाटलं तुला माहीत असेल, तू बघतेच आहेस. बाकीचे पन्नासेक उघडत होते, त्यांतच त्या बुडून गेल्या होत्या.

'परवासारखंच' या शब्दाने घात केला. दुधाने पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं. तिला पुन्हा घड्याळच दिसलं. तिने पैलवानला फोन लावला आणि वेळ परत बिघडली असं सांगितलं. त्याने तपासून वेळ बरोबर असल्याचं कळवलं. तिने पुन्हा बघायला लावलं. तो म्हणाला, सेकंदाचासुद्धा फरक नाही. मग ती, जिने आयुष्यात कोणावर आवाज चढवला नव्हता ती, म्हणाली, "सोमवारीही तुमच्या मशीनचंच होतं ना? मग आज माझ्या प्रोग्रामचं कसं होईल?"

थोड्या वेळाने त्याने सगळे सर्व्हर एकेक करून परत चालू केले, तिच्या समाधानासाठी. त्यात दुपार झाली. त्या रुग्णालयाचे फोटो उघडले नाहीत ते नाहीतच.

नर्सताईंनी मधेच विचारलं, की माझ्या मोबाइलवरून डॉक्टरांना पाठवू का. मोबाइलवरून जाताना फोटो आकसतो, त्या बारीक वाहिन्याच पुसल्या जातात, आणि पेशंटची माहिती अशी पाठवायची परवानगीही नव्हती. सबुरीने नको म्हटलं. पुढे हे 'नको' तिला फार दिवस टोचत राहिलं.

शेवटी तिने जे सकाळीच करायला हवं होतं ते केलं. त्याच बाळाचा फोटो स्वतः उघडायला घेतला आणि आलेलं उत्तर डोळे उघडे ठेवून वाचलं. तिथे मुदतीबद्दल अवाक्षर नव्हतं. लिहिलं होतं: सही जुळत नाही.

घड्याळ मागे असतं तर कंपनीने सही ओळखली असती आणि मुदत संपली म्हणाली असती, सोमवारी म्हणाली तशी. इथे सहीच ओळखली जात नव्हती. म्हणजे ज्या गोष्टी मिसळून सही होते त्यांतलीच एखादी चुकली होती. आणि चुकली होती फक्त एका रुग्णालयापुरती. त्या रुग्णालयाचं वेगळं काय?

वेगळं एकच होतं. तिकडच्या पेशंटची माहिती तिकडच्याच विभागात ठेवायची, असा नियम आला होता. म्हणून त्यांच्यासाठी दुसऱ्या विभागात नवा साठा उघडला होता, आणि त्याच शनिवारी सगळं तिकडे वळवलं होतं. फोटो पाठवणारं मशीन त्या रुग्णालयात होतं. त्याच्यात पैलवानने नव्या विभागाचं नाव भरलं होतं, म्हणून फोटो बिनबोभाट पोहोचत होते आणि हिरवी खूण उमटत होती. बघायची लिंक मात्र सबुरीचा प्रोग्राम बनवत होता. लिंकमधला पत्ता नव्या साठ्याचा होता, पण सही करताना प्रोग्राम विभागाचं नाव जुन्या सेटिंगमधून घेत होता. कंपनी आपल्या विभागाचं नाव धरून सही काढायची, इकडची सही दुसऱ्या विभागाची. जुळणार कशी? ते सेटिंग सगळ्यांसाठी एकच ठेवलं होतं, कारण तेव्हा विभागही एकच होता. नवा विभाग होतोय हे तिला कळवलं होतं, आणि तिने ठीक आहे म्हटलं होतं.

सोमवारीही ही चूक होतीच. घड्याळ नीट झाल्यावर बाकी सगळं उघडलं, त्या गर्दीत ही एकटी मागे राहून गेली.

तिने विभागाचं नाव साठ्याप्रमाणे घ्यायची दुरुस्ती केली, लिंक बनवली, दाबली. पडद्यावर केशरी गोल उमटला, आणि त्यात नागमोडी, फुगलेल्या वाहिन्या. तिला डॉक्टरी येत नव्हती, पण इतक्या वर्षांत निरोगी डोळा कसा दिसतो हे ती शिकली होती. हा तसा नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही डोळे पाहिले आणि उभ्याउभ्याच नर्सताईंना फोन लावला. संध्याकाळ व्हायच्या आत बाळ रुग्णवाहिकेतून निघालं. दुसऱ्या दिवशी सकाळी उपचार झाला.

त्या संध्याकाळी घरी जाण्याआधी सबुरी वरच्या मजल्यावर गेली. पैलवान वायरी गुंडाळत होता. ती म्हणाली, चूक माझ्या बाजूची होती आणि मी तुम्हाला नको ते बोलले. त्याने मान हलवली. म्हणाला, "विभाग मीच बदलला, ताई. सही कुठे होते हे विचारायचं माझ्याही डोक्यात आलं नाही. तुम्ही ओरडलात तेव्हा मला वाटलं, खरंच माझंच असेल." त्याने तिला खुर्ची दिली, ती थोडा वेळ बसली.

घरी नवऱ्याने ताट वाढलं. तिने ताटाला हात लावला नाही. तो समजूत काढायला लागला, की चुका कोणाकडून होत नाहीत. ती म्हणाली, माझी चूक झाली हे मला पेलेल, पण तिचा भार दुसऱ्याच्या लेकराने का उचलावा. त्याने ताट झाकून ठेवलं आणि तिच्याशेजारी बसून राहिला.

बाळाचा उजवा डोळा सुधारला. डाव्याचा पडदा कडेने सुटला होता. पुढे शस्त्रक्रिया झाली तरी त्या डोळ्याने उजेड-अंधारापलीकडे फार दिसणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. सबुरीने एकदा धीर करून डॉक्टरीणबाईंना गाठलंच. सोमवारी फोटो दिसले असते तर?

डॉक्टरीणबाई खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. "कदाचित डोळा वाचला असता. कदाचित रविवारीच हाताबाहेर गेला होता. मला ठरवता येत नाही, आणि तू ठरवू नकोस. 'उघडत नाही' हे मी सुद्धा तुला दोन दिवस सांगितलं नाही."

सबुरीने प्रोग्राम बदलला. आता फोटो पोहोचला की सर्व्हर स्वतःच त्याची लिंक बनवून उघडून बघतो, आणि उघडली तरच हिरवी खूण देतो. नाही उघडली तर कारण जसंच्या तसं तिच्या आणि पैलवानच्या मोबाइलवर येतं. वरिष्ठांच्या बैठकीत तिने सगळी हकीकत उभी राहून सांगितली. कोणी तिला दोष दिला नाही. त्याने तिला बरं वाटलं नाही.

'सबुरीने घ्या' म्हणणं मात्र तिने सोडलं. फोन आला की आता विचारते, "काय लिहून आलंय? मला शब्दन् शब्द वाचून दाखवा." लोकांना ते जरा तुटक वाटतं. नवीन आलेल्या रिसेप्शनवालीने तर विचारलं, या बाईंना सबुरी का म्हणतात?

काही महिन्यांनी जिन्याखालच्या खोलीतला फोन वाजला. बाळाचे वडील होते. तपासणीची तारीख विचारायला त्यांनी चुकून हा नंबर लावला होता. तिने तारीख बघून दिली, कोणत्या मजल्यावर यायचं ते सांगितलं. फोन ठेवायच्या आधी ते आपणहून म्हणाले, "आता खुळखुळा दाखवला की पोरगी मान वळवते हो. उजवीकडूनच दाखवावा लागतो, पण वळवते."

"उजवीकडूनच दाखवत जा," सबुरी म्हणाली. फोन ठेवून ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसली. सायकल स्टँडवर कोणीतरी कुलूप उघडायला खटपट करत होतं.