नव्या बिलबुकातलं पहिलं बिल

साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचं छोटं युनिट आहे. गाळणीच्या कापडी पिशव्या शिवतो. खाली शिवणाच्या मशिनी, वर ऑफिस. ऑफिसात मी एकटीच असते. खरेदी, आवक, फाइली, ट्रान्सपोर्टवाल्यांशी वाद, सगळं माझ्याकडे. मालक आठवड्यातून दोनदा येतात आणि उभ्या उभ्या सह्या करून जातात. खालच्या बायका आपापल्या घोळक्यात डबा खातात. वरून मी गेले की त्यांच्या गप्पा थांबतात, म्हणून मी जात नाही.

आई गेल्यापासून घरीही मी एकटीच. त्याचा मी फारसा बाऊ केलेला नाही. कामांची यादी करते आणि एकेक काम खोडत जाते.

कापड माधवनगरहून यायचं. तिथल्या पुरवठादाराकडे बिलं करणारे एक वयस्कर कारकून होते. बारा वर्षं आमचा व्यवहार, पण मी त्यांना एकदाही पाहिलं नव्हतं. टेम्पो निघाला की त्यांचा फोन यायचा. मालाचं बोलणं अर्ध्या मिनिटात संपायचं. पुढे ते तासगावच्या बाजूच्या आपल्या द्राक्षांचं सांगायचे, पावसाचं विचारायचे, मी जेवले का ते विचारायचे. मी "हो" म्हणायचे, जेवले नसले तरी. दिवसभरात मला कामाशिवायचं काही विचारणारा तो एकच आवाज होता. हे त्या वेळी मी स्वतःशी असं कबूल केलं नसतं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात माल आला. टेम्पोवाल्याने पोच म्हणून माझी सही घेतली आणि घाईत बिलाच्या दोन्ही प्रती घेऊन पुढे पुण्याला निघून गेला. एक आमच्याकडे राहायला हवी होती. बिलाचा नंबर आणि तारीख टाकल्याशिवाय आमच्या संगणकात आवक होत नाही आणि आवक झाल्याशिवाय कापड कटिंगला देता येत नाही. मी माधवनगरला फोन केला. कारकून म्हणाले, बिलबुकातल्या प्रतीचा फोटो मेल करतो.

फोटो आला. काळापांढरा. वर जिथे नंबर आणि तारीख असते तिथे हाताच्या पंजाएवढा काळा डाग. उजवी कड कापलेली, त्यामुळे मालाचा कोड अर्धाच. जीएसटी नंबरची शेवटची अक्षरं सावलीत गेलेली. मी मोठा करून पाहिला, स्क्रीनचा उजेड वाढवून पाहिला, प्रिंट काढली. एकही अक्षर लागेना. खालून कटिंगच्या बाईंनी दोनदा निरोप पाठवला की हात रिकामे आहेत.

फोन उचलून सांगता आलं असतं. पण तोंडी सांगितलेलं विसरलं जातं, म्हणून अशा गोष्टी मी लेखी करते. मेल लिहिला:

"विषय: बिलाचा फोटो वाचता येत नाही, पुन्हा स्पष्ट स्कॅन पाठवण्याबाबत.

महोदय, आपण आज पाठवलेल्या फोटोत पुढील गोष्टी वाचता येत नाहीत. १. बिल क्रमांक व तारीख: त्यावर शाईचा डाग पडला आहे. २. मालाचा कोड: उजवी बाजू कापली गेली आहे. ३. आपल्या जीएसटी क्रमांकाची शेवटची अक्षरे. कृपया कागद सपाट ठेवून, चारही कोपरे दिसतील असा, रंगीत स्कॅन पीडीएफमध्ये पाठवावा. माल आवक करणे थांबले आहे."

इथपर्यंत ठीक होतं. मग मी माझी वही उघडली. कोणत्या पुरवठादाराकडून काय चुकलं याची तारीखवार यादी मी ठेवते. त्यात त्यांच्या नावापुढे दोन नोंदी होत्या. मी आणखी एक ओळ टाकली: "यापूर्वीही दोन वेळा फोटो अस्पष्ट आले होते, याची नोंद घ्यावी." आणि सवयीप्रमाणे त्यांच्या मालकांना प्रत लावली.

वीस मिनिटांत स्कॅन आला. कारकुनांकडून नाही, मालकांच्या मेलवरून. अगदी स्वच्छ, चारही कोपऱ्यांसकट. डाग शाईचा नव्हता. हळदीकुंकवाची बोटं होती, पाच, वरून खाली ओढलेली. त्यांच्याखाली निळ्या कार्बनने उमटलेला एकचा आकडा लख्ख दिसत होता. नव्या वर्षाच्या नव्या बिलबुकातलं ते पहिलं बिल, आणि ते आमच्या नावाने फाडलेलं. फोनमधल्या अ‍ॅपने काळापांढरा स्कॅन करताना कुंकवाचं काळं केलं होतं.

खाली मालकांनी लिहिलं होतं: "गैरसोयीबद्दल क्षमस्व. पुढील बिलापासून बिले संगणकावर होतील व आपोआप मेल येईल. संबंधित व्यक्तीकडून हे काम काढून घेतले आहे."

मी आवक केली. कापड कटिंगला गेलं. यादीतलं ते काम खोडलं आणि मग बराच वेळ पुढचं काम वाचता येईना.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या मोबाइलवर फोन केला. मागे कापडाचे गठ्ठे उतरवल्याचा आवाज येत होता. त्यांना गोदामावर बसवलं होतं.

मी म्हणाले, "तो कुंकवाचा डाग आहे हे मला कळलं नाही. मी शाई समजले."

"आवं, कसं कळंल? फोटूत काळंच दिसतंय. मला बी न्हाई दिसलं, पाठवलं तसंच." ते हसले. "पयलं बिल तुमच्या नावानं काढायचं, असं मीच म्हनलं हुतं मालकास्नी. गिऱ्हाइकाचा पायगुण चांगला हाय म्हनलं. दर साली तुमचंच काढतोय की. कागद टेम्पोतनं यायचा, तवा तुमास्नी दिसत आसंल."

दरवर्षी तो कुंकवाचा डाग मला दिसला असणार. मी नंबर आणि तारीख बघून पंच मारून फाइल करत आले होते.

"ती शेवटची ओळ लिहायला नको होती," मी म्हणाले.

"खरं लिवलंसा. दोनदा झालंच हुतं. डोळ्यांचं काय खरं न्हाई आता, घरात बी म्हनत्यात." मग कुणीतरी त्यांना हाक मारली. "ठेवतो. हितं फोनवर बोललेलं चालत न्हाई."

मी त्यांच्या मालकांना दुसरा मेल लिहिला. या वेळी मुद्दे घातले नाहीत. डाग कुंकवाचा होता, चूक कागदाची नव्हती, स्कॅनच्या पद्धतीची होती. आधीच्या दोन फोटोंमुळे आमचं काहीही अडलं नव्हतं. बारा वर्षांत त्यांच्या हातून एकही आकडा चुकलेला मला सापडलेला नाही, आणि मी शोधणारी बाई आहे. त्यांना बिलांवर परत घ्यावं अशी विनंती.

तीन दिवसांनी उत्तर आलं. मालकांनी नीट लिहिलं होतं. माणूस चांगला आहे, पगार कमी केलेला नाही, पण आपल्याला कमी दिसतं हे ते बरेच दिवस झाकत होते. तुमच्या मेलमुळे लक्षात आलं, त्याबद्दल आभार.

मी तो मेल बंद केला.

पुढचा माल महिन्याने आला. टेम्पो निघायच्या आधीच बिल मेलवर येऊन पडलं होतं. छापील, सरळ, प्रत्येक अक्षर वेगळं. मी वरपासून खालपर्यंत दोनदा वाचलं. फोन करून विचारण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.