पडद्यामागचे इवाई आणि मेक्सिकोची चिठ्ठी

आमच्या व्याह्यांनी आजवर कुणाचंही वाक्य कुणाला पुरं करू दिलेलं नाही. आमच्या पवनीकडे व्याह्याला इवाई म्हणतात, आणि हे इवाई माझ्या मुलीचे सासरे. नोकरी पंचायत समितीत कारकुनाची, पण उभा जन्म गेला झाडीपट्टीच्या नाटकांत प्रॉम्प्टर म्हणून. दिवाळीनंतर गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरली की रातभर नाटक चालायचं आणि हे गृहस्थ विंगेत वही घेऊन बसून नायकापासून हवालदारापर्यंत सगळ्यांची वाक्यं पुरवायचे. नाटकं सुटली, सवय सुटली नाही. दवाखान्यात पुढच्या पेशंटने "डॉक्टरसाहेब, छातीत..." म्हटलं की मागच्या बाकावरून "जळजळ" असा आवाज येतो. त्या बिचाऱ्याला खोकला असतो. शोकसभेत वक्ता हुंदका आवरायला थांबला, तर इवाई त्याला पुढचा शब्द देतात. सख्खा भाऊ गेलेल्या माणसालाही त्यांनी सोडलेलं नाही.

आमच्या दोन्ही घरची लग्नं विहारात लागतात. माझ्या मुलीच्या लग्नात नवरदेव भंतेजींच्या मागे प्रतिज्ञा म्हणत होता. मध्ये क्षणभर अडखळला, तेवढ्यात इवायांनी मागून पुढची ओळ पुरवली. नेमकी ती नवरीची होती. पोराला बापाचा आवाज ऐकून लहानपणापासून तोंड उघडायची सवय, त्याने भर विहारात घरातली कामं नीटनेटकी ठेवण्याची प्रतिज्ञा घेऊन टाकली. आमचा जावई आज पुण्यात दोन्ही वेळची भाजी करतो, ते त्यामुळेच असं माझी मुलगी म्हणते. इवाई म्हणतात, "तुमच्या पोरीचं भलंच झालं ना जी? मंग काहून रागावता?" भलं झालं हे खरंच, म्हणून मी आणखी चिडतो.

अशा माणसाच्या घरी परदेशातली मुलगी वर्षभर ठेवायची कल्पना कुणाची होती, हे मी विचारत नाही, कारण ती माझीच होती. भंडाऱ्याच्या एका क्लबमार्फत विद्यार्थ्यांची अदलाबदल चालते. इकडची मुलं तिकडे जातात, तिकडची इकडे येतात, यजमान घरी राहून शाळा-कॉलेजात शिकतात. मी निवृत्त इंग्रजीचा मास्तर, म्हणून मुलीचा सल्लागार मला नेमलं. इवायांकडे मुलगा-सून पुण्याला, घरात दोघंच म्हातारा-म्हातारी, तीन खोल्या रिकाम्या, म्हणून मी त्यांचं नाव सुचवलं. मुलगी आली मेक्सिकोहून. नाव लुसिया, वय सोळा, अंगावर बिल्ल्यांनी भरलेला कोट. बॅगेतून तिने सगळ्यांत आधी काढला तो एक लिफाफा. तिच्या आईने आणि आजीने यजमानांसाठी हाताने लिहिलेली चिठ्ठी होती ती.

आता कुणीही शहाणा माणूस लिफाफा उघडेल. इवायांनी तो कपाळाला लावला आणि कपाटात ठेवून दिला. स्वागताचा कार्यक्रम व्हायचा होता ना. "पडदा उघडायच्या आंधी संवाद फोडाचा नसते, सर," ते मला म्हणाले. चिठ्ठी मंचावरच उघडायची, तिथेच मी तिचं भाषांतर करायचं आणि मागे पेटीवाला बसवायचा, असा त्यांचा बेत होता. मी म्हटलं, मला स्पॅनिश येत नाही. ते म्हणाले, "तुम्ही इंग्रजीचे मास्तर, सगळं एकच हाये ते."

कार्यक्रम तीन आठवड्यांवर होता. तेवढ्यात मुलगी वाळत चालली. विहीणबाईंच्या हातचं जेवण म्हणजे सणाचं जेवण, आणि त्यांच्याकडची रीत अशी की पाहुण्याने आधी जेवायचं, घरच्यांनी उभं राहून वाढायचं. लुसियासमोर पाट, ताट, तांब्या. एका बाजूला विहीणबाई भात घेऊन उभ्या, दुसऱ्या बाजूला इवाई "तिखट झालं काय? गोड पाह्यजे काय?" असं तिचं वाक्य पुरवत उभे. पोरगी दोन घास खायची आणि उठायची. बोलायची तर मुळीच नाही. "रुसून बसली जी," इवाई मला सांगायचे, आणि ती का रुसली असेल याची दहा कारणं तिलाच विचारायचे. शेवटी तिने मला इंग्रजीत सांगितलं की तिला नागपूरच्या एखाद्या घरी हलवावं. क्लबवाले म्हणाले, स्वागताचा कार्यक्रम होऊ द्या, त्यानंतरही तिचं तेच म्हणणं असेल तर हलवू. हे ऐकून विहीणबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मी इवायांवर ओरडलो, "आता तरी तो लिफाफा काढा."

लिफाफा उघडला आणि माझं डोकं उठलं. फोनने फोटो काढून भाषांतर करायला गेलो, तर आईचं अक्षर यंत्राला थोडंफार कळलं. आजीचं तिरकं, एकात एक गुंतलेलं अक्षर पाहून त्याने जे इंग्रजी ओकलं त्यात एक मेंढी आणि एक पोस्ट ऑफिस होतं. लुसिया दार लावून बसलेली, म्हणून मग तिच्या आईलाच फोनवर लिहून विनंती केली. तिने सगळा मजकूर स्वच्छ टाइप करून पाठवला, आणि आजीने तिच्या ओळी स्वतःच्या आवाजात म्हणून पाठवल्या. टाइप केलेल्याचं इंग्रजी केलं, ते आईला दाखवून अर्थ पक्का केला, मग मी मराठी केलं. मराठीचं पुन्हा तोंडी इंग्रजी करून लुसियाला ऐकवलं, म्हणजे वाटेत काही सांडलं असेल तर कळावं. आईने लिहिलं होतं, "ही सगळं खाते, फक्त एकटी जेवत नाही. आमच्याकडे जेवायला सगळे एकत्र बसतात." आणि आजीने लिहिलं होतं, "ही बोलत नसली म्हणजे रागावलेली नसते. तिच्या शेजारी बसा."

मी हे वाचून दाखवलं. विहीणबाईंनी हातातली पळी खाली ठेवली. आपण मानपान म्हणून जे करत होतो, त्यानेच पोर उपाशी राहत होती, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं. त्याच दिवशी त्यांनी तिच्या शेजारी आपलं ताट मांडलं, आणि लुसियाने भातासाठी ताट पुन्हा पुढे केलं. पण नागपूरचं म्हणणं काही तिने मागे घेतलं नाही.

राहिलं मंचावरचं माझं भाषण. मी इवायांना बजावलं की असलं भाषण तीन मिनिटांचं असतं. सुरुवातीला तिच्या भाषेत नमस्कार, मग तिची ओळख, मग चिठ्ठीतल्या दोन ओळी आधी मूळ भाषेत आणि मग मराठीत, शेवटी घरच्यांच्या वतीने एक वाक्य, की संपलं. चिठ्ठी घरची आहे, तेव्हा काय वाचायचं ते मुलगी ठरवणार. लुसियाला विचारलं, तर तिने आई आणि आजीच्या त्या दोन ओळींना होकार दिला आणि आणखी एका मजकुरावर बोट ठेवून नाही म्हणून मान हलवली. तो मी भाषणात घेतला नाही आणि इथेही लिहिणार नाही. इवाई हळहळले. "रडाचा सीन तोच होता, सर," म्हणाले. पेटीवाला मी रद्द केला. त्यावर ते दोन दिवस आजीचं रेकॉर्डिंग कानाला लावून अंगणात फिरत राहिले. लसूण सोलताना ऐकायचे, आंघोळीला जाताना ऐकायचे. फोन माझा होता. मागितला तर म्हणायचे, "थांबा जी, आजी बोलून राहिली."

शाळेच्या सभागृहात कार्यक्रम झाला. इवायांची खुर्ची पहिल्या रांगेत, यजमान म्हणून. मी माइकपाशी गेलो, पाहतो तर खुर्ची रिकामी. मी "बुएनास तार्देस" म्हटलं आणि ठरल्याप्रमाणे क्षणभर थांबलो, तोच मागच्या बॅनरमधून आवाज आला, "सभागृहात उपस्थित मान्यवर..." माइकने तो झकास उचलला. सभागृह हसलं. मी बॅनरला कोपर मारलं, तर आतून "लागलं ना बा" असं आलं, तेही सगळ्यांनी ऐकलं. कसाबसा तिची ओळख करून दिली. या चिठ्ठीतले शब्द तिच्या घरच्यांचे आहेत, मराठी माझं आहे, चूक असेल तर ती माझी, हे सांगितलं आणि मूळ ओळी वाचायला लुसियाला पुढे बोलावलं.

आईची ओळ तिने नीट वाचली. मी मराठीत सांगितली. मग ती आजीच्या ओळीवर आली आणि थांबली. कागद हातात, ओठ हलत होते, पण आवाज फुटेना. तिला खाली बसवावं की आपणच वाचावं, मला काही सुचेना, आणि मूळ ओळ तर मला पाठही नव्हती. तेवढ्यात बॅनरमागून, धानाच्या बांधावरून गड्याला हाक मारावी त्या हेलात, पण अगदी हळू आवाज आला, "क्वांदो नो आब्ला... नो एस्ता एनोजाडा."

लुसियाने वळून पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसू लागली. माइकमध्येच म्हणाली, "एनोहादा, बाबाजी." आतून आज्ञाधारकपणे आलं, "एनोहादा." मग त्यांनी शब्द द्यायचा आणि तिने म्हणायचा, अशी आजीची ओळ पुरी झाली. त्यामागून मी मराठी वाचलं, "ही बोलत नसली म्हणजे रागावलेली नसते. तिच्या शेजारी बसा." शेवटचं वाक्य घरच्यांच्या वतीने होतं, "आम्ही शेजारी बसू." ते मी म्हणायचं ठरलं होतं. विहीणबाई खुर्चीतून उठल्या आणि त्यांनीच म्हटलं, मंचाकडे न बघता, लुसियाकडे बघून. कार्यक्रम संपल्यावर क्लबवाल्यांनी विचारलं तेव्हा पोरगी म्हणाली, "मले पवनीतच राह्याचं हाये." हे वाक्य तिला कुणी पढवलं हे मी विचारलं नाही, पण ती म्हणत असताना इवायांचे ओठ हलत नव्हते, एवढं मी पाहिलं.

ती वर्षभर राहिली. वैनगंगेवर गेली, पारव्या रंगाची साडी नेसून लग्नात नाचली, विहीणबाईंबरोबर एका ताटात जेवली. मग परत गेली. मूळ चिठ्ठी मी तिला देऊ केली, तर ती यजमानांची आहे म्हणाली आणि विहीणबाईंच्या हातात ठेवून गेली.

तिला सोडून आल्यानंतर मी इवायांकडे गेलो. ते अंगणात खाटेवर बसले होते. मी म्हटलं, "गाडी वेळेवर..." आणि मुद्दाम थांबलो. त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. मी दुसरं अर्धं वाक्य टाकलं, तेही तसंच पडून राहिलं. इतकी वर्षं ज्या शांततेसाठी मी त्या माणसावर वैतागलो, ती समोर आली आणि मला बघवेना. मी खाटेवर त्यांच्या शेजारी बसलो. चुकतमाकत, हळूच म्हटलं, "क्वांदो नो आब्ला, नो एस्ता एनोहादा."

"एनोजाडा," इवाई म्हणाले. "आजी तशीच म्हणते, सर. मी आयकलं हाये."

विहीणबाईंनी आतून तीन ताटं आणली आणि आम्ही जेवायला बसलो.