शरावतीचा जड लॅपटॉप

शरावती कमतगीच्या पाठीत धातूच्या दोन सळया होत्या. लहानपणी वाकडा होत चाललेला कणा सरळ करायला ऑपरेशन करून त्या बसवल्या होत्या. कॉलेजच्या पहिल्याच दिवशी ड्रॉइंग बोर्ड उचलायची वेळ आली, तेव्हा तिनं वर्गाला सांगून टाकलं, "डॉक्टरांनी जड उचलायला बंदी केलीय. दया नको, बोर्ड तेवढा उचला."

गुळेदगुड्डच्या विणकराची ती मुलगी. आमच्या हुबळीच्या आर्किटेक्चर कॉलेजला ती धारवाडहून, चिक्कम्माच्या म्हणजे मावशीच्या घरून, बसनं यायची. लॅपटॉप घेताना तिनं दुकानदाराला आधी वजन विचारलं आणि सव्वा किलोचा, वहीसारखा पातळ लॅपटॉप पसंत केला.

मी म्हणालो, "अगं, याला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. रॅम बोर्डावरच पक्की बसवलेली, पुढं वाढवता येणार नाही."

"ईराण्णा, तुझा चार्जरसकट साडेतीन किलो आहे. मी तो धरू की बसचा दांडा?"

चार वर्षं तिचं त्यावर भागलं. पाचव्या वर्षी तिनं प्रबंधासाठी विषय घेतला तो विणकरांच्या घरांचा. छपरातून असा उजेड आणायचा, की सकाळी दहा वाजता तो नेमका मागावर पडावा. आता छपराचा उतार, माग, ताणलेले धागे असं सगळं कॉम्प्युटरवरच्या थ्रीडी मॉडेलमध्ये येऊ लागलं. मॉडेल फिरवायला गेलं की पडद्यावरचं चित्र अडकायचं. रेंडरला, म्हणजे मॉडेलवरून उजेड-सावलीचं पक्कं चित्र काढायला, लावलं की पंखा गरगरायचा, बूड तापायचं, मग उष्णतेपायी मशीन आपणहून मंद व्हायचं. शेवटी मेमरी भरून प्रोग्रामच बंद पडायचा.

तिनं झाडं काढून टाकली. एकच माग नीट रेखाटून बाकीच्या जागी त्याच्या हलक्या प्रती ठेवल्या. चित्राचा आकार कमी केला. तरी हाती आलं ते ठिपक्याठिपक्यांचं चित्र.

"कमतगी, यात उजेड कुठाय?" प्रबंधाचे मार्गदर्शक बेळ्ळदसरांनी विचारलं. "भिंतीला कांजिण्या झाल्यात नुसत्या!"

वर्ग हसला. मीही हसलो.

बाहेरच्या सर्व्हरवरून चित्रं करून घेता आली असती. पण सरांना आठवड्यातून तीनदा मॉडेल समोर फिरवून हवं असायचं. लॅबमधली चार चांगली मशीन साठ जणांत, आणि पाचला कुलूप. मी तेव्हा घरी मोठा कॉम्प्युटर जुळवून घेतला होता. माझा साडेतीन किलोचा जुना लॅपटॉप तिला देऊन टाकला. फार मोठं पुण्य करतोय असं वाटलं मला.

स्टँडपासून कॉलेजपर्यंत मी तो उचलायचो. बसमध्ये मात्र तीच. चाकांची बॅग आणली, पण बसच्या पायऱ्यांवर ती उचलावीच लागायची. "रोज चिक्कम्माला सोबत घे," असं मी म्हटलं तर भडकली. "उद्या नोकरीला जाताना हमाल ठेवू का रे बाबा?"

पहिलं स्वच्छ चित्र आलं तेव्हा ती पडद्याजवळ सरकली. छपराच्या फटीतून उतरलेला उजेड मागावर पडला होता. "अप्पाला दाखवते," ती म्हणाली. "आयुष्यभर तो बल्बखाली डोळे फोडतोय."

फेब्रुवारीपासून ती वाकताना दात आवळू लागली.

"दुखतंय ना?"

"जूरी झाली की दुखू दे."

जूरी, म्हणजे परीक्षकांपुढची शेवटची मांडणी, झाली. बाहेरच्या परीक्षकांनी तिची पाठ थोपटली. त्याच दुपारी धारवाडला उतरताना तिनं बॅग ओढली आणि ती पायरीवरच बसली. उठता येईना. एक्स-रेत एक सळई तुटलेली दिसली. डॉक्टर म्हणाले, "आतलं हाड नीट जुळलंच नव्हतं. कधीतरी तुटलीच असती. वजनानं घाई केली एवढंच."

बेळगावात पुन्हा ऑपरेशन झालं. बेंगळुरूच्या ज्या ऑफिसात तिची निवड झाली होती, त्यांनी तीन महिने वाट पाहिली. पण तिला वीस मिनिटांच्या वर बसता येईना, आणि त्या कामात दिवसभर बसायचं असतं. जागा दुसऱ्याला गेली. तिनं आडवं पडून, पोटावर तो हलका लॅपटॉप ठेवून काम करून पाहिलं. मान आखडली, ते काम सुटलं.

दीड वर्षानं मी गुळेदगुड्डला गेलो. ती खाटेवर होती. आतून मागाचा आवाज येत होता.

"मी तो द्यायलाच नको होता," मी म्हणालो.

"नसता दिलास तर नापास होऊन बसले असते." मग म्हणाली, "बसता तरी आलं असतं."

तिच्या अव्वानं, म्हणजे आईनं, चहा आणला. "अजून एक ऑपरेशन करायचं म्हणतात," ती मला म्हणाली, "पण उपयोग होईल का, ते कुणीच सांगत नाही." शरावतीनं भिंतीकडं तोंड केलं. मी चहा संपवला. कप अव्वाच्या हाती दिला आणि उठलो.