लवू घाड्याने घातलेलं गाऱ्हाणं

कुरारच्या चढावर, मालाड पूर्वेला, लवू घाड्याची खोली होती. वस्ती मिश्र. अलीकडे आम्ही कोकणातली माणसं, पलीकडे जालना-परभणीकडची बौद्ध मंडळी, आणि मध्ये एक गटार, ते सगळ्यांचं. लवूची गिरणी ब्याऐंशीच्या संपात बंद झाली ती झालीच. नंतर त्याने काय केलं नाही? भाजी विकली, रंगाऱ्याच्या हाताखाली राहिला, एका लग्नाच्या हॉलवर खुर्च्या मांडल्या. कशात जीव रमला नाही आणि कुणी त्याला ठेवलंही नाही. घर चालायचं ते शेवंतीवर. ती, म्हणजे त्याची बायको, चारकोपच्या एका कारखान्यात बाटल्यांची झाकणं निवडायची.

लवूची एकच गोष्ट चालायची, त्याचं तोंड.

घाडी हे नुसतं आडनाव नव्हे. आमच्याकडे गावकीच्या देवापुढे उभं राहून सगळ्यांच्या वतीने बोलणारा तो घाडी. कुणाची गाय आटली, कुणाचं पोर आजारी, कुणाला मूल होईना, सगळ्यांचं तो एकटा मांडतो आणि मागे उभा असलेला गाव "व्हय म्हाराजा" म्हणून त्याला पाठबळ देतो. याला म्हणतात गाऱ्हाणं घालणं. त्यात रडणं नाही, भांडण नाही. लवूचा आजा घालायचा, बाप घालायचा, आणि मुंबईत देवळावाचून लवू घालायचा.

एकदा वस्तीचा नळ बंद पडला तेव्हा तो सगळ्या बायकाबाप्यांना घेऊन वॉर्ड ऑफिसात गेला. साहेबाच्या टेबलापुढे हात जोडून खडा आवाज लावला, "आज ह्या सगळी लेकरा तुझ्या दारात पाण्यावाचून उभी आसत..." आणि मागून आमच्या माणसांनी सवयीने ठोकून दिलं, "व्हय म्हाराजा!" साहेबाच्या हातातला चहा शर्टावर सांडला. पलीकडच्या बौद्ध बायांना हसू आवरेना, पण दुसऱ्यांदा त्याही ओरडल्या. त्यांतली सुंदराबाई पुढे कित्येक दिवस लवू दिसला की म्हणायची, "काय महाराजा, आज कुणाचा चहा सांडायचा?" नळ मात्र दुरुस्त झाला.

तेव्हाच अनुपमाने त्याला पाहिलं. ती 'वस्ती सेवा न्यास' नावाच्या संस्थेत काम करायची. मूळची पुण्याची, पण चप्पल झिजवणारी. संस्थेचं ऑफिस मालाड पश्चिमेला एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर. तिथे वस्ती संघटक अशी एक जागा निघाली. माणसं गोळा करायची, रेशनकार्ड, पाणी, दवाखाना यांसाठी त्यांना उभं करायचं. शिक्षणाची अट ढिली होती, अनुभव हवा होता.

"लवूभाऊ, अर्ज करा," ती म्हणाली.

"माका कोण घेतलो, बाई? मी नववी नापास."

"नापास असलात तरी बोलता येतंय ना?"

त्याच वेळी शेवंतीच्या भावाने, काशीरामाने, तो स्वतः काम करायचा त्या चारकोपच्या कारखान्यात वॉचमनची जागा त्याच्यासाठी धरून ठेवली होती. महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणाला होता, त्यापुढे नाही. लवूला ते नको होतं. "दिसभर गेटार उभ्या रवान मुको बसू काय?" तो म्हणायचा. संस्थेत लागला तर बोलण्याचा पगार मिळणार होता. नाही लागला तर दंडुका.

संस्थेची पद्धत अशी की उमेदवाराने पाच जणांच्या पॅनेलपुढे एका वस्तीचा प्रश्न मांडून दाखवायचा, तो कसा सोडवाल ते सांगायचं, मग त्यांनी विचारायचं. लवूने खाकी कागदावर खडूने नळ, गटार, रेशनचं दुकान काढून नेलं. बोलला झकास. कुणाला आधी भेटायचं, कुणाला मागे ठेवायचं, बायकांना पुढे का बसवायचं, सगळं सांगितलं. पॅनेलवरचे मुख्य विश्वस्त श्यामसुंदरजी कानपूरकडचे, मराठी कामापुरती समजायची. तेही मान हलवत होते. शेवटी त्यांनीच विचारलं, "और भी संस्थाएँ हैं. हमारी ही क्यों?"

आणि लवूची वाचा बसली. देवापुढे, साहेबापुढे न अडलेला माणूस त्या एका प्रश्नावर अडला. घोटभर पाणी प्यायला, "मालाडात जवळ पडते," म्हणाला, आणि खाकी कागद गुंडाळून बाहेर आला.

बाहेर अनुपमा थांबली होती.

"वाट लागली, बाई."

"लागली नाही. मांडणी चांगली झाली. तुम्ही आणि अजून एक मुलगी, दोघांतच आहे आता. बुधवारी विश्वस्त बसणार आहेत. त्याआधी पॅनेलला पत्र लिहा."

"कसला पत्र?"

"वेळ दिल्याबद्दल आभार. आणि जे उत्तर राहिलं ते. भिंतीवर संस्थेचं ध्येय लिहिलंय, वाचलंत ना? आवाज न पोहोचणाऱ्यांचा आवाज पोहोचवणे. तुम्ही आयुष्यभर तेच केलंय. तेवढंच जोडून लिहा. लहान लिहा. गरज आहे, घरची परिस्थिती, असलं काही नको. भीक मागितल्यासारखं वाटतं."

"लिवतंय आणि तुमका दाखयतंय."

पण दुसऱ्या दिवशी अनुपमा दिंडोशीला लसीकरणाला अडकली आणि बुधवार जवळ आला होता. लवूने शेवंतीला समोर बसवलं, पोराच्या वहीतलं पान फाडलं आणि लिहिलं. शाळेत शिकवलेलं सगळं शुद्ध मराठी त्याने त्यात ओतलं.

"मा. अध्यक्ष व पॅनेल सदस्य यांसी, स. न. वि. वि. आपण मला माझे म्हणणे मांडण्याची संधी दिलीत याबद्दल मी आभारी आहे. आपण विचारलेत की आमचीच संस्था का. त्या वेळी मला उत्तर देता आले नाही, ते आता देतो. ज्यांचा आवाज पोहोचत नाही त्यांचा आवाज पोहोचवणे हे आपले ध्येय आहे. माझे घराणेही तेच करीत आले. माझा आजा गाऱ्हाणी घालीत असे, माझा बाप गाऱ्हाणी घालीत असे. मी गिरणीत असताना गाऱ्हाणी घातली आणि वस्तीतही घातली. आता आपल्या संस्थेत राहून हेच काम करण्याची माझी इच्छा आहे. आपला, लवू घाडी."

शेवंतीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बरा लिवलंस. गाऱ्हाण्याचा घातलंस ता बेस केलंस. तेंच्या पोटात शिरतला." दोघांनाही वाटलं, याहून नेमका शब्द मराठीत नाही. आमच्या गावात कुणालाही विचारा, तोही हेच म्हणेल.

पत्र ऑफिसात सुलक्षणाने घेतलं. ती टायपिस्ट, साताऱ्याकडची. विश्वस्तांना मराठी पत्राचा इंग्रजी गोषवारा लागायचा, तो तीच करायची. पोरगी वाईट नव्हती. तिच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे तक्रार, घरच्या कटकटीचं रडगाणं. तिने जे वाचलं तेच टाइप केलं.

बुधवार गेला. शनिवारी संस्थेचं पत्र आलं, आपल्या उत्साहाबद्दल आभार, दुसऱ्या उमेदवाराची निवड झाली आहे. लवू कागद घेऊन सरळ ऑफिसात गेला. अनुपमा त्याला बघून उभीच राहिली.

"लवूभाऊ, पत्र मला न दाखवता का दिलंत?"

"तुम्ही दिंडोशेक. मी काय करू?"

तिने फायलीतला गोषवारा काढला आणि मराठीत सांगितला. "उमेदवाराचे आजोबा तक्रारी करत, वडील तक्रारी करत. गिरणीत असताना त्याने तक्रारी केल्या, वस्तीतही केल्या. आता आपल्या संस्थेत राहून तक्रारी करण्याची त्याची इच्छा आहे."

लवू ऐकत राहिला. मग म्हणाला, "रांडेच्या, ह्या खराच. अक्षर अन् अक्षर माझाच." आणि हसला. ते हसणं ऐकून सुलक्षणा मशीनमागून उठली. "भाऊ, मला खरंच तसंच वाटलं. आमच्याकडे दुसरा अर्थच नाही हो."

"तुझो दोष नाय गो बाये. बस तू."

अनुपमा मात्र बसणारी नव्हती. ती लवूला घेऊन श्यामसुंदरजींच्या खोलीत शिरली आणि घडाघडा सांगितलं, की गाऱ्हाणं म्हणजे तक्रार नाही, कोकणात गावातला एक माणूस सगळ्यांच्या वतीने देवापुढे मांडतो, मागे गाव हुंकार देतो, आणि आपलं ध्येय त्याहून वेगळं काय आहे?

श्यामसुंदरजींनी शांतपणे ऐकलं. माणूस आडमुठा नव्हता. चष्मा काढून म्हणाले, "तो मतलब ये भगत हैं?"

"भगत नाय, साहेब. घाडी."

"देवता के सामने खड़े होकर बीमार बच्चे की अर्जी लगाते हैं. यही ना?"

लवू खोटं बोलू शकला असता. "व्हय," म्हणाला.

"अनुपमा, पिछले महीने तुमने ही शिविर लिया था. बच्चा बीमार हो तो भगत नहीं, दवाखाना. पोस्टर तुमने बनवाए." ते लवूकडे वळले. "आप अच्छा बोलते हैं, भाई. लेकिन उस लड़की को चिट्ठी जा चुकी है. और देखिए, शिकायत होती तो यूनियनबाज़ी का डर था. ये तो और मुश्किल है."

म्हणजे चुकीचा अर्थ लावला तर दार बंद, आणि बरोबर लावला तर त्यावर कुलूप. अनुपमा अजून काही म्हणणार होती. लवूने तिला हातानेच थांबवलं. "ऱ्हवांदे, बाई. तेंचा बरोबर असा. माझ्या झिलाक ताप इलो तर मीय दवाखान्यातच नेतंय."

बाहेर पायरीवर अनुपमा म्हणाली, "गोरेगावात अजून एक संस्था आहे. तिथे मी आधी बोलते. पत्र मात्र आपण दोघं बसून लिहू. शब्द मी बघते."

"आनी तो शब्द काढलो तर रवला काय त्येच्यात? नववी नापास माणूस आनी जवळ पडता." लवूने चपला घातल्या. "नको, बाई. तुमी केलात ता खूप."

महिनाअखेरीला दोन दिवस होते. काशीरामाने एकही टोमणा न मारता त्याला चारकोपला नेलं. प्लास्टिकच्या बादल्यांचा कारखाना, लोखंडी गेट, पत्र्याची टपरी. मालकाने शर्ट दिला, तो खांद्यात आखूड होता, आणि काम समजावून सांगितलं. गाडी आली की गेट उघडायचं, गेली की लावायचं. युनियनवाला, पेपरवाला, इन्स्पेक्टर, कोणीही काही विचारलं तर एकच बोलायचं, "मालूम नहीं, साब."

पहिल्याच दुपारी कुणीतरी आत किती माणसं काम करतात म्हणून विचारायला आलं. लवूने गेटच्या फटीतून बघितलं.

"मालूम नहीं, साब," तो म्हणाला. खडा, स्वच्छ आवाज. आतून मालकाने ऐकलं आणि माणूस बरा मिळाला म्हणून काशीरामाला चहा पाजला.