तळाशी नाव शंकररावांचं

सोनम माणूस म्हणून कशी होती, असं कोणी विचारलं तर शंकरराव गप्पच बसतील. केडगावच्या त्यांच्या घरात, वरच्या खोलीत, ती दोन पावसाळे भाडेकरू होती. ती रांजणगावच्या कंपनीत पॅकिंगला जायची, चहात आलं चालायचं नाही आणि जिना उतरताना चपला हातात घ्यायची, एवढीच त्यांची माहिती. चपला का घ्यायची, हेही त्यांनी कधी विचारलं नाही. विचारायला बोलावं लागतं, आणि बोलणं हा शंकररावांचा प्रांत नव्हता. साखर कारखान्यात टाइमकीपर म्हणून त्यांची उभी हयात गेली. तिथंही माणसं त्यांच्यापेक्षा घड्याळाशी जास्त बोलायची.

सोनमची एक छोटी वेबसाइट आहे, हे त्यांना नात तेजश्रीचं लग्न ठरल्यावर समजलं. शिफ्टवरून आल्यावर ती लॅपटॉपवर लग्नपत्रिका, बायोडेटा, जागरण-गोंधळाची निमंत्रणं यांचे तयार नमुने बनवायची. लोक ते विकत घेऊन आपापली नावं घालायचे. शिवाय उखाण्यांचं एक ई-पुस्तक होतं. त्यातले निम्मे उखाणे तिच्या सासूचे, बयाबाईंचे; बाकीचे यवतच्या बायकांकडून त्यांची नावं छापायच्या बोलीवर घेतलेले.

तेजश्रीसाठी ते पुस्तक घ्यायचं शंकररावांनी ठरवलं. सोनम फुकट द्यायला तयार होती, पण फुकट घेणं त्यांच्या मानाला झेपलं नाही. नातीनं मोबाइलवर पैसे भरून दिले, मेल आला, मेलमध्ये लिंक. खाली अटी होत्या: लिंक तीन दिवस चालेल, तीनदाच फोनात उतरवता येईल, प्रत एका कुटुंबापुरती, पुढं पाठवू नये, विकू नये. शंकररावांनी चष्मा लावून सगळं वाचलं. पूर्वी कारखान्याच्या नोटिसा वाचायचे तसंच. म्हणजे वाचलं आणि सोडून दिलं.

मग त्यांना वाटलं, घरचं लग्न, आणि एवढी चांगली वस्तू आपण एकट्यानं ठेवायची? भावकी काय म्हणेल? त्यांनी ती लिंक भावकीच्या ग्रुपवर टाकली. दोघांनी पुस्तक उतरवलं आणि लिंक बंद पडली. लगेच निरोप सुरू झाले. आप्पा, उघडंना. आप्पा, आमालाच न्हाई व्हय? पंगतीत वाढता वाढता पातेलं संपावं तसा शंकररावांना घाम फुटला. तेजश्रीनं पहिली प्रत आधीच उतरवून त्यांच्या फोनमध्ये ठेवलेली होती. त्यांनी ती फाईलच ग्रुपवर सोडली आणि भावकीची लाज राखल्याच्या समाधानात जेवले.

दुसऱ्या दिवशी सोनम खाली आली. तिच्या साइटवर दिसत होतं की शंकररावांची लिंक बंद झाल्यावरही माणसं ती सारखी दाबत होती. शंकररावांनी तिला समजावलं की तिच्या साइटमध्ये काहीतरी बिघाड आहे, एकदा कुणाकडून तपासून घे. मग त्यांनी मोठ्या मनानं सांगितलं की काळजी करू नकोस, सगळ्यांना फाईल पोचवली आहे.

सोनम पायरीवर बसली.

"आप्पा, लिंक मला बंद करता येती," ती म्हणाली. "माणसांच्या फोनातली फाईल न्हाई बंद करता येत."

मग तिनं सांगितलं. शिरूरला इंद्रजीत नावाच्या माणसाचं पत्रिकांचं मोठं दुकान होतं. तो तिच्याकडून व्यावसायिक परवाना घेणार होता: दरवर्षी ठरावीक रक्कम, आणि त्यानं नमुने वापरून, पुस्तक छापून गिऱ्हाइकाला द्यायचं. तेवढं जमलं की ती शिफ्ट सोडणार होती आणि दौंडला सासूजवळ राहून हेच काम करणार होती. आणि आज सकाळी त्याचा निरोप आला होता की पुस्तक तर त्याच्या मेव्हण्याच्या फोनवरच आलंय, मग परवाना कशाचा?

शंकररावांना त्या रात्री जेवण गेलं नाही. आणि चार दिवसांनी फोन सुरू झाले.

विकत घेणाऱ्याचं नाव आणि नंबर प्रत्येक पानाच्या तळाशी छापूनच फाईल यायची. प्रत बाहेर गेली तर कुणाची ते कळावं म्हणून. शंकररावांना वाटलं होतं, आदरानं घातलंय. आता अनोळखी बायका त्यांना विचारू लागल्या की उखाण्यांवाले शंकरराव तुम्हीच का, आन् 'ज्ञानदेव' हे नाव कुठल्या ओळीत बसंल? ज्या माणसानं स्वतःच्या लग्नात बायकोचं नाव घ्यायच्या वेळी ठसका लागल्याचं सोंग केलं होतं, तो आता दुपारभर अंगणात फिरून परक्या बायकांच्या नवऱ्यांची नावं यमकात बसवत होता. एक-दोन बरीही बसली, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

सुट्टीच्या दिवशी सोनम शिरूरला निघाली तेव्हा शंकरराव न बोलावता एसटीत तिच्या शेजारी जाऊन बसले. वाटेत त्यांनी इंद्रजीतला सुनवायची चार वाक्यं पाठ केली. न्हावऱ्यापर्यंत चारही येत होती. दुकानात शिरले तेव्हा एकही राहिलं नाही.

इंद्रजीत गोड माणूस होता. चहा मागवला. म्हणाला की पुस्तक गावभर फुकट फिरतंय हे खरं, पण आपल्या दुकानातून एक पान छापलेलं नाही. शंकररावांनी मान डोलावली. समोरचा बोलला की मान डोलवायची ही त्यांची जुनी सवय. सोनमनं त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी मान मधेच थांबवली.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. गडबडीत त्यांनी नेहमीप्रमाणे भलतंच बटण दाबलं आणि आवाज दुकानभर घुमला.

"शंकरराव का? ते उखाण्यांचं बुक घेतलंय, त्यावर तुमचा नंबर हाय. केडगावच्या फाटकाला काळा-पिवळा पट्टा, तात्याबांशी लगीन केलं, बंद झाली थट्टा. ह्यात तात्याबा काढून 'सत्यजीत' घातलं तर चालंल का?"

शंकररावांना फोन बंद करता येईना. काहीतरी बोलायचं म्हणून ते म्हणाले, "बाई, बुक घेतलं कुठनं?"

"शिरूरला. पत्रिकांच्या दुकानात. तारेचं बाइंडिंग करून देत्यात की."

इंद्रजीतनं चहाचा कप उचलून पुन्हा खाली ठेवला.

"सत्यजीत चालंल," शंकरराव फोनमध्ये म्हणाले. प्रश्न विचारला होता, उत्तर द्यायला हवं होतं.

सोनम हसली नाही. तिनं शांतपणे इंद्रजीतला विचारलं की घरगुती प्रतीवर छापून विकायचं, की परवाना घेऊन? परवान्यात पत्रिकांच्या बदलता येणाऱ्या फाईली मिळतील, आणि पुस्तकाच्या तळाशी आप्पांऐवजी दुकानाचं नाव येईल. फोनही दुकानात येतील.

"फोन आप्पांनाच जाऊ द्या," इंद्रजीत म्हणाला. "ते बरे बसवत्यात."

पण परवाना त्यानं घेतला. छापलेल्या प्रती काढून दिल्या आणि विकलेल्यांच्या पैशांचं तो नंतर बघणार होता. ते त्यानं बघितलं की नाही, शंकररावांना माहीत नाही. भावकीतली फाईल अजून फिरतेच आहे. त्या लग्नसराईत पुस्तक साइटवर फारसं खपलं नाही. पत्रिकांवर तिचं भागलं, आणि दिवाळीनंतर तिनं शिफ्ट सोडली.

दौंडला जायच्या दिवशी टेम्पोत सामान चढलं. शंकररावांनी निरोपाचं बोलायचं म्हणून घसा साफ केला, इतक्यात त्यांचा फोन वाजला. पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची लिंक आली होती. त्यांनी आदल्या दिवशी स्वतः पैसे भरून घेतलेली. सोनम चपला पायात घालून जिन्याखाली उभी होती.

"लिंक आली का, आप्पा?"

"आली."

"मग तीन दिवसांत उतरवून घ्या."

"एकदाच उतरवीन," शंकरराव म्हणाले.